फोटोवरून रिगसाठी अवतार: गणिताच्या एका बाईंचं प्रकरण

फाइल उघडली तेव्हा पहिल्या नजरेला काम झाल्यासारखंच वाटत होतं. फोटोशॉपच्या त्या पीएसडी फाइलीत डोळे वेगळे, ओठ वेगळे, केस वेगळे, चष्मा वेगळा. लेयरना नावंही दिलेली. बाईंनी हे कुणाकडून तरी पैसे देऊन करून घेतलं होतं आणि मला फक्त 'हलतं करून द्या' एवढंच सांगितलं होतं. म्हणजे वेबकॅमसमोर बाई बोलतील, पापणी मिटवतील तसं पडद्यावरचं त्यांचं चित्र हलेल अशी जोडणी, म्हणजेच रिग, करून द्यायची. त्या सातारा जिल्ह्यात गणित शिकवतात, संध्याकाळी शिष्यवृत्ती परीक्षेचे तास लाइव्ह घेतात. स्वतःचा चेहरा रोज पडद्यावर नको, पण मुलांना 'आपल्याच बाई' वाटायला हव्यात, ही त्यांची अट. म्हणजे कार्टून परी नको, टिकली-चष्म्यासकट त्याच हव्यात.

मी सगळ्या लेयरच्या खाली भडक हिरवा रंग ओतला आणि डोळ्याचा लेयर बंद केला. डोळ्याच्या जागी हिरवं भोक दिसलं. ओठ बंद केले, तिथेही हिरवं. केस बंद केले तर कपाळ भुवयांच्या दोन बोटं वर संपलेलं. फोटो कात्रीने कापून तुकडे वेगवेगळ्या लेयरवर ठेवले होते, बस्स. एकावर एक ठेवले की मूळ फोटो पुन्हा तयार होतो, म्हणून काम पूर्ण झाल्याचा भास होतो. पण अवतारात डोळा मिटणार, मान वळणार, ओठ उघडणार, आणि प्रत्येक वेळी वरचा तुकडा सरकला की खालचं काहीतरी उघडं पडणार. ते 'खालचं काहीतरी' फोटोत नसतंच. या फाइलवर रिग केला असता तर बाईंनी पापणी मिटवली की मागे लावलेला फळा दिसला असता.

या कामात कापणं हा लहान भाग आहे. खरा वेळ जातो तो फोटोत न दिसणारी कातडी, दात आणि केस रंगवण्यात. म्हणून ती फाइल बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करायची असं मी बाईंना फोनवर सांगितलं. "म्हणजे दादा, ते पैसे पाण्यात?" त्यांनी विचारलं. पूर्ण पाण्यात नाही. त्यातला चष्म्याच्या फ्रेमचा लेयर नीट कापलेला होता, तो मी वापरला.

फोटो कोणता आणि किती

त्यांनी पाठवलेला फोटो सेल्फी होता, खिडकीजवळचा. दोन्ही गोष्टी अडचणीच्या.

सेल्फी हाताच्या अंतरावरून काढलेली असते, त्यामुळे नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात. चेहऱ्याची ही ठेवण रिगमध्ये तशीच उतरते, आणि मान वळवली की नाक आणखीच पुढे आल्यासारखं वाटतं. शिवाय बऱ्याच फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा उलटा साठवला जातो. इथे ते लगेच कळलं, कारण साडीचा पदर उजव्या खांद्यावर होता आणि चमकी उजव्या नाकपुडीत. बाईंना विचारलं तर पदर डाव्या खांद्यावर आणि चमकी डावीकडेच. मुलांच्या नजरेला हे नक्की खटकलं असतं, काय खटकतंय ते सांगता आलं नसतं एवढंच.

खिडकीमुळे एका गालावर उजेड आणि नाकाच्या दुसऱ्या बाजूला गडद सावली होती. फोटोत ती छान दिसते. अवतारात ती सावली कातडीवर डागासारखी चिकटते. मान डावीकडे वळो की उजवीकडे, सावली आहे तिथेच.

म्हणून मी त्यांच्याकडून नवीन फोटो मागवले. घरातल्या कुणीतरी मागच्या कॅमेऱ्याने, दोनेक मीटरवरून, थोडा झूम करून काढायचे. ढगाळ दिवशी पडवीत उभं राहायचं, म्हणजे उजेड सगळीकडून सारखा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला. मागितले ते असे: चेहरा सरळ, ओठ मिटलेले, चष्म्याशिवाय, तसाच चष्म्यासह, डोळे हलके मिटलेला, दात दाखवून हसरा, 'आ' म्हणतानाचा, आणि दोन्ही बाजूंनी केसांचा. स्टुडिओत काढून घ्यायचा त्यांचा विचार होता. घरचा मागितला तो उजेडासाठी, आणि जुना न घेता नवा मागितला त्यामागे हक्काचंही कारण होतं. भारतीय कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढलेला फोटो आधार म्हणून घेतला की पुढे कटकट होऊ शकते.

चष्म्याशिवायचा फोटो का, हे चष्मा लावणाऱ्यांच्या चटकन लक्षात येत नाही. उणे नंबरच्या काचेतून डोळा लहान दिसतो आणि काचेच्या कडेला गालाची रेघ आत सरकलेली दिसते, तुटल्यासारखी. चष्म्यासह फोटोवरून डोळा काढला तर ती तुटकी रेघ आणि लहान डोळा दोन्ही चेहऱ्यात कायमचे बसतात. मग चष्म्याचा लेयर जरासा हलला की गालाला खाच पडलेली दिसते.

फोटो जसाच्या तसा नको

बाईंची पहिली अपेक्षा होती की फोटोच हलेल. तसं करता येतं, पण ते बघायला बरं वाटत नाही. खऱ्या कातडीची छिद्रं आणि बारीक लव चित्र हलवणाऱ्या जाळीबरोबर ताणली गेली की मेणाच्या मुखवट्यासारखं काहीतरी तयार होतं, आणि बोलताना ते भेसूर दिसतं. मुलांना गणिताची आधीच भीती असते.

मधला मार्ग घेतला. फोटो सर्वांत खाली, अर्धवट पारदर्शक ठेवून त्यावर क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र रंगवायचं. प्रमाण, रंग, भुवयांचा कोन, जिवणीचा आकार फोटोतले, पण कातडी सपाट दोन-तीन छटांची. पोत गेला की ताणाचा त्रासही बराच गेला. ओळख टिकते ती डोळ्यांमधलं अंतर, भुवयांची जाडी, हनुवटी आणि केसांचा भांग यांतून. त्या चार जागी मी फोटोपासून एक पिक्सेलही हललो नाही, बाकी ठिकाणी मोकळा हात ठेवला.

आकाराचा हिशेब उलट्या टोकाकडून करावा लागतो. बाईंना खर्च वाढवायचा नव्हता, म्हणून चित्राला जाळी लावून हलवणाऱ्या लाइव्ह२डी क्युबिझम या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती धरली होती. तिच्यात एकच टेक्स्चर मिळतं, २०४८ पिक्सेलचं, आणि जास्तीत जास्त १०० आर्टमेश, म्हणजे जाळी लावलेले तुकडे, व ३० पॅरामीटर, म्हणजे हालचाल ठरवणारे सरकते आकडे. म्हणजे एका चौरसात, त्याला अॅटलास म्हणतात, चेहरा, केस, वेणी, साडी सगळं बसवायचं. म्हणून अवतार कमरेपर्यंतच घेतला. प्रत्यक्ष तासात तो पडद्याच्या कोपऱ्यात असतो, गणितं मधे. चेहरा तिथे तीन-चारशे पिक्सेलपेक्षा मोठा कधी दिसतच नाही. चित्र मात्र दुप्पट-तिप्पट मोठं रंगवलं आणि अॅटलासमध्ये लहान केलं, कारण पुढे कधी मोठी आवृत्ती घेतली तर मूळ फाइल हाताशी असावी.

डोळा

सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागतो, कारण बघणाऱ्याची नजर तिथेच असते.

चेहऱ्याचा मूळ लेयर मी डोळे मिटलेल्या फोटोवरून रंगवला. म्हणजे खालच्या चेहऱ्यावर मिटलेल्या पापणीची कातडी, तिची हलकी सावली, घडी, सगळं आधीच आहे. उघडा डोळा त्यावर ठेवलेला. डोळा मिटताना वरची पापणीची रेघ खाली येते, पांढरा भाग तिच्यामागे दबत जातो आणि वर उघडी पडते ती ही आधीच रंगवलेली पापणी. त्यामुळे वेगळा पापणीचा लेयर ताणत बसावं लागत नाही. निम-वास्तववादी चित्रात हे विशेष कामाला येतं. डोळ्याच्या जागी नुसता गालाचा रंग भरला तर मिटलेला डोळा पुसून टाकल्यासारखा दिसतो.

एका डोळ्याचे लेयर, वरून खाली, असे होते:

```
eye_L
  glint_L
  lash_up_L
  lash_low_L
  lid_shadow_L
  iris_L
  white_L
```

`white_L` हा डोळ्याचा पांढरा भाग. फोटोत बुबुळ मधे असल्यामुळे पांढरं दोन तुकड्यांत दिसतं. इथे ते सलग हवं, बुबुळाच्या मागूनही, आणि वर-खाली पापण्यांच्या रेघांखाली थोडं घुसलेलं. रंग पांढराशुभ्र नाही. फोटोतून रंग उचलला तर तो राखाडी-गुलाबीच निघतो, आणि तोच ठेवावा. शुभ्र केला की बाई डोळे वटारून बघतायत असं वाटतं.

`iris_L` म्हणजे बुबुळ, बाहुलीसकट. फोटोत वरच्या पापणीखाली त्याचा वरचा भाग झाकलेला असतो. कापलेल्या फाइलमध्ये ते वरून सपाट छाटलेलं होतं, आणि नजर खाली वळवली की तो छाटलेला काठ उघडा पडला असता. पूर्ण वर्तुळ काढायचं. खालचा दिसणारा अर्धा भाग उलटा करून वर लावायचा मोह होतो, पण त्यात खालचा उजळ भागही वर जातो. आकार तसा घ्यावा आणि वरचा अर्धा गडद रंगवावा. बुबुळात खिडकीचं चौकोनी प्रतिबिंब असतं तेही पुसून टाकायचं. चमक वेगळी, `glint_L` मध्ये. बुबुळ सरकतं तेव्हा चमक जवळजवळ जागेवरच राहते, कारण ती दिव्याची आहे. ती बुबुळाबरोबर सरकली की काचेचा डोळा दिसतो.

`lid_shadow_L` ही वरच्या पापणीची पांढऱ्यावर पडणारी सावली. सुरुवातीला अनावश्यक वाटते. ती बंद करून बघितली की डोळा चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. काजळ `lash_low_L` मध्येच आहे, कारण खालची पापणी फार हलत नाही आणि काजळ तिच्यापासून सुटं हलायला नको.

क्युबिझममध्ये गेल्यावर बुबुळ, सावली आणि चमक यांना पांढऱ्या भागाचा क्लिपिंग मास्क लावायचा, म्हणजे ती पांढऱ्याच्या आतच दिसतात. पीएसडीत क्लिपिंग करून ठेवलं तरी ते तिथे भरवशाने येत नाही. शिवाय बुबुळ अखंड असायला हवं म्हणून पीएसडीत ते मुद्दाम पांढऱ्याबाहेर डोकावू द्यायचं. `ParamEyeLOpen` या पॅरामीटरला १ वर डोळा उघडा, ० वर मिटलेला. मिटल्यावर रेघ कुठे येते? डोळ्याच्या मध्यावर नाही, खालच्या पापणीच्या अगदी जवळ. खरी हालचाल जवळपास सगळी वरच्या पापणीची. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो याचसाठी. त्यावर रेघ ठेवून बघितली की वाद राहत नाही. ० ला अडकवून मोठं करून बघायचं: कोपऱ्यात पांढऱ्याची केसाएवढी फट राहिली असेल तर तिथला मेशचा बिंदू रेघेच्या खाली सारायचा. ही फट संपादकात दिसत नाही, लाइव्हवर मात्र पापणी लवताना पांढरं लुकलुकतं.

उजवा डोळा डाव्याची उलटी प्रत नाही. बाईंची एक भुवई किंचित वर आहे आणि तेच त्यांचं वैशिष्ट्य. रचना तीच ठेवली, रेषा वेगळ्या काढल्या.

तोंड

इथे एकच नियम आहे: सर्वांत मोठ्या अवस्थेत काढायचं आणि रिगमध्ये लहान करायचं. चित्र आकुंचित केलं तर ते खपतं, ताणलं तर फाटकं दिसतं. म्हणून 'आ'च्या फोटोवरून उघडं तोंड रंगवलं आणि ते मिटवत नेलं. पीएसडीत बाई कायम तोंड उघडून बसलेल्या दिसतात. त्यांना ते बघून जरा धक्काच बसला, म्हणून पुढच्या वेळी मी डोळे-तोंडाशिवायची फाइल पाठवली. ती अजून भयानक.

लेयर वरून खाली असे: वरचा ओठ, खालचा ओठ, वरचे दात, खालचे दात, जीभ, तोंडाच्या आतला गडद भाग. ओठांच्या मधली मिटलेली रेघ स्वतंत्र. चेहऱ्याच्या लेयरवर तोंडाच्या जागी सलग कातडी, ओठांशिवाय. आतल्या गडद भागाचा आकार हाच मास्क; दात आणि जीभ त्यात क्लिप होतात, म्हणजे तोंड बारीक झालं की दात आपोआप झाकले जातात. दुसरी एक पद्धत आहे, ओठाच्या लेयरला वरची-खालची कातडी चिकटवून तिनेच तोंड झाकायची. सपाट रंगाच्या चित्रात ती झकास चालते. इथे हनुवटीकडे छटा बदलत होती, त्यामुळे त्या पट्टीचा काठ दिसला असता.

दात हसऱ्या फोटोवरून. पण हसताना पुढचे सहा-आठ दात दिसतात, तेवढेच काढले तर 'ई' म्हणताना दातांची रांग बाजूंना अचानक संपते. दोन्हीकडे दोन-दोन दात जास्त काढले, मागे जाताना गडद होत जाणारे. प्रत्येक दाताची रेघ कोरली नाही. लहान पडद्यावर दातांमधल्या काळ्या रेघा किडीसारख्या दिसतात.

दोन पॅरामीटर पुरतात: `ParamMouthOpenY` उघडझाप ० ते १, `ParamMouthForm` जिवणी –१ ते १. दोन्ही एकत्र जोडले की नऊ आकार हाताने घडवावे लागतात. बहुतेक जण टोकाचे चार कोपरे करतात आणि मधले आपोआप येतील म्हणतात. येतात, पण बोलताना तोंड सर्वाधिक काळ त्या मधल्या आकारांतच असतं. अर्धं उघडं आणि जिवणी मध्यम, हा आकार मी सगळ्यात आधी घडवला, त्यावर सर्वांत जास्त वेळ दिला आणि मग कोपऱ्यांकडे गेलो.

कसोटीला बाईंच्याच तासातलं वाक्य घेतलं: "लसावि आणि मसावि यांत फरक काय?" यात 'म', 'व', 'फ' सगळे आहेत. 'म'ला ओठ पूर्ण टेकले नाहीत तर आवाज आणि चित्र वेगळं चाललंय हे पहिल्या मिनिटात कळतं. आमच्याकडे तसंच होत होतं, आणि दोष चित्रात नव्हता. वेबकॅम तोंड मिटलेलं असतानाही शून्य देत नव्हता, शून्याच्या थोडं वर कुठेतरी रेंगाळत होता. वेबकॅमवरून अवतार हलवणाऱ्या व्हीट्यूब स्टुडिओत `MouthOpen` च्या इनपुटची खालची मर्यादा तेवढी वर उचलली आणि आउटपुट ० वर ठेवलं, की ओठ टेकायला लागले. आधी इथे बघावं, मग मेशला हात लावावा.

केस, चष्मा, टिकली

केसांखाली पूर्ण डोकं हवं. म्हणजे बाईंचं टक्कल रंगवावंच लागतं, कानांसकट. तो लेयर मी त्यांना कळवून पाठवला. घरात हशा पिकला असं त्यांनी सांगितलं. मान वळते तेव्हा कपाळावरचे केस आणि चेहरा वेगवेगळ्या अंतराने सरकतात, आणि मधली फट या टकलानेच भरते. किती आत रंगवायचं याचा माझा ठोकताळा चेहऱ्याच्या रुंदीच्या दहाव्या भागाचा. सरळ चेहऱ्याच्या या शैलीत त्यापेक्षा जास्त सरकवायला गेलं तर केसांच्या आधी नाकच बिघडतं.

बाईंचे केस तेल लावून, मधे भांग, आणि मागे एक लांब वेणी डाव्या खांद्यावरून पुढे आलेली. भांगाचे केस एक लेयर, कानावरच्या दोन बटा वेगळ्या, मानेमागचे केस सर्वांत खाली. वेणीचं मात्र कोडं होतं. ती मानेच्या मागून निघते आणि पदराच्या पुढे येते, म्हणजे एकाच वस्तूचा वरचा भाग चेहऱ्याच्या खाली आणि खालचा भाग साडीच्या वर. तिचे दोन लेयर केले. जोड खांद्याजवळ, वेणीच्या एका पेडाच्या आडोशाला, आणि वरचा तुकडा खालच्याखाली एक पूर्ण पेड घुसवलेला. दोन्ही एकाच डिफॉर्मरखाली, म्हणजे वाकवणाऱ्या चौकटीखाली, ठेवले की वाकताना जोड सुटत नाही.

केसांच्या काठाला फोटोतून कापताना एक पातळ फिकट किनार येते, मागच्या भिंतीचा रंग घेऊन. पांढऱ्या कागदावर ती दिसत नाही, फळ्याच्या गडद हिरव्यावर केसांभोवती तेजोवलय उमटतं. आपण नव्याने रंगवत असल्यामुळे तो प्रश्न टळला, पण वापरलेल्या चष्म्याच्या लेयरला ती किनार होतीच; काठ दोन पिक्सेल आत घेऊन साफ केला.

चष्म्याची फ्रेम वेगळी, काड्या वेगळ्या, काचेवरची तिरपी चमक वेगळी. काड्या कानावरच्या बटांच्या खाली जातात, फ्रेम सगळ्यांच्या वर. मान वळताना फ्रेम डोळ्यांपेक्षा थोडी जास्त सरकली पाहिजे, कारण ती त्यांच्या पुढे आहे. हीच गोष्ट टिकलीची. ती भुवयांच्या लेयरमध्ये रंगवून टाकली तर चालेल असं वाटतं, पण कपाळाचा मध्य भुवयांच्या टोकांपेक्षा पुढे असतो. वेगळी ठेवून भुवयांपेक्षा किंचित जास्त सरकवली आणि कपाळाला एकदम गोलाई आली. लाल ठिपक्याएवढ्या लेयरने केलेलं काम बघता हा मला या प्रकरणातला सर्वांत स्वस्त सौदा वाटला.

भौतिकीत, म्हणजे आपोआप झुलण्याच्या सेटिंगमध्ये, वेणी जड ठेवली: उशिरा निघते, हळू थांबते. कानावरच्या बटा हलक्या. बाई बोलताना मान फार डोलावतात, त्यामुळे वेणीचा झोका अर्ध्यावर आणावा लागला. नाहीतर अपूर्णांकांचा तास चालू असताना मुलं वेणीच बघत बसली असती.

फाइल सोपवण्याआधी

पीएसडीची रंगव्यवस्था आरजीबी, ८ बिट. प्रत्येक वस्तू एकच साधा पिक्सेलचा लेयर. मास्क, इफेक्ट, ब्लेंड मोड सगळं विरघळवून सपाट केलेलं. नावं रोमन लिपीत आणि एकही नाव दोनदा नाही. भटके ठिपके शोधायला प्रत्येक लेयरला क्षणभर जाड लाल स्ट्रोक लावून बघायचं: कोपऱ्यात कुठेतरी पडलेला एक पुसट पिक्सेलही लाल गोळा होऊन दिसतो. तो राहिला तर क्युबिझम त्या लेयरची चौकट त्याच्यापर्यंत ताणतो आणि २०४८ च्या टेक्स्चरमधली जागा फुकट जाते. शेवटी पुन्हा हिरवा रंग खाली ओतून एकेक लेयर बंद करत गेलो. साडीच्या काठाशी मानेखाली एक हिरवी चीर निघाली. मान खाली पदराच्या आत वाढवली.

डाव्या-उजव्याची गल्लत इथेच निस्तरावी. `_L` म्हणजे बाईंचा डावा की बघणाऱ्याचा डावा, हे सुरुवातीला ठरवून सगळ्या लेयरना तेच लावायचं आणि रिगनंतर एक डोळा मारून तपासायचं. व्हीट्यूब स्टुडिओत मॉडेल उलटं करायची सोय आहे, पण तिने चमकी आणि पदरही उलटतात. हालचाल उलटी असेल तर इनपुट बदलावं, चित्र नाही.

लाइव्ह प्रक्षेपणाच्या ओबीएस सॉफ्टवेअरमध्ये गेम कॅप्चरने, `Allow Transparency` खूण करून, अवतार फळ्यावर आणला. पहिल्याच तासाला एक डोळा मधूनच अर्धा मिटायला लागला. रिगमध्ये काही बिघाड नव्हता: समोरच्या स्क्रीनचा पांढरा उजेड बाईंच्या खऱ्या चष्म्यावर पडत होता आणि वेबकॅमला एक डोळा दिसतच नव्हता. स्क्रीनवर गडद थीम लावली, टेबललॅम्प बाजूला हलवला, आणि दोन्ही डोळे एकत्र मिटतील अशी जोडणी केली. त्यामुळे आता बाईंना एक डोळा मारता येत नाही. गणिताच्या तासाला ते चालतं.

मर्यादा राहिली ती मान वळवण्याची. एका सरळ फोटोवरून घडवलेला चेहरा पंधरा-वीस अंशांपर्यंत छान वळतो. त्यापलीकडे नाकाची कड आणि लांबचा गाल खरे वाटेनासे होतात. मी मान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या `ParamAngleX` ची टोकं –३० ते ३० च ठेवली, पण टोकाला चित्र तेवढंच वळवलं जेवढं शोभतं. बाईंना सवय होती मान वळवून शेजारच्या पाटीवर लिहायची. ते सोडून त्यांनी पेन टॅबलेट घेतला.

त्यांना दिलेल्या फोल्डरमध्ये `.moc3`, `.model3.json`, `.physics3.json` आणि टेक्स्चर होतंच, पण क्युबिझमची मूळ फाइल आणि पूर्ण लेयरची पीएसडीही होती. दिवाळीच्या तासाला पैठणी हवी, असं त्यांनी नंतर कळवलं. साडी आणि पदर याच दोन लेयरवर नवं चित्र रंगवलं, नावं आणि आकार तेच ठेवले, पीएसडी पुन्हा आत घेतली आणि जुन्या जाळीवर पैठणी बसली. काठावरचे मोर मात्र फार बारीक होते, २०४८ मध्ये त्यांचा नुसता चिखल झाला. शेवटी मोर मोठे काढून काठ रुंद केला.